वह्या दोन, सही एकच

*माझे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचे 20 माग आहेत. वडिलांपासूनचा धंदा, फर्म माझ्या एकट्याच्या नावावर. एका सहकारी बँकेत 40 लाखांचं सीसी आहे, त्याला शेड आणि मशिनरी तारण. उलाढाल दोन कोटींच्या आसपास. परराज्यातल्या एका पार्टीकडे 19 लाख सहा महिने अडकलेत, त्यामुळे सुताचं पेमेंट करताना दमछाक होते. बँक लिमिट 65 लाख करून द्यायला तयार आहे, पण राहतं घर तारण द्या आणि बायकोची जामीनदार म्हणून सही द्या म्हणते. घरच्या 18 लाखांच्या ठेवी त्याच बँकेत आहेत, माझ्या नावावर. मुलगी यंदा बारावीला. मी घराची आणि धंद्याची वही पहिल्यापासून वेगळी ठेवतो. तेवढं पुरे का? सीए म्हणतात प्रायव्हेट लिमिटेड करा. ताजं स्टॉक स्टेटमेंट सोबत जोडलं आहे.*

*— एक टॉवेल कारखानदार, सोलापूर*

नमस्कार.

वही वेगळी ठेवता हे चांगलंच, त्याने निदान नफा किती आणि घरखर्च किती हे तुम्हाला कळतं. पण वसुलीला आलेला माणूस तुमची वही बघत नाही, कागदावर सही कोणाची आहे ते बघतो. एकट्याच्या नावावरची फर्म म्हणजे कायद्याने तुम्हीच. फर्मचं देणं तुमचं देणं, आणि ते फेडायला तुमच्या नावावरचं सगळं उघडं. तुमच्या बायकोच्या नावावरचं मात्र आज उघडं नाही. ती सही करेल त्या दिवशी ते उघडं होईल. म्हणून तुमचा खरा प्रश्न पुढच्या महिन्यात रिन्यूअलच्या टेबलावर काय काय लिहून द्यायचं, हा आहे.

तीस वर्षं मी टेबलाच्या पलीकडे, कर्ज विभागात बसलो. त्यामुळे आधी स्टेटमेंट उघडलं. ते वाचल्यावर माझं मत असं झालं की तुम्हाला 65 लाखांच्या लिमिटचा आज उपयोगच नाही. का ते सांगतो.

सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट खात्यामधून किती उचलता येईल हे नुसत्या लिमिटवर ठरत नाही. हातातला माल आणि उधारी बघून बँक उचलीची जी मर्यादा काढते तिला ड्रॉइंग पॉवर म्हणतात. लिमिट आणि ड्रॉइंग पॉवर यांत जे कमी असेल त्यावर ठरतं. तुमच्याकडे पैसे चुकते झालेला माल, म्हणजे सूत, बीमवरचा आणि तयार टॉवेल धरून, 22 लाखांचा आहे. त्यावर बँक 25 टक्के मार्जिन कापते, राहिले साडेसोळा लाख. उधारी एकूण 52 लाख दिसते, पण तुमच्या बँकेच्या अटीप्रमाणे 90 दिवसांच्या वरची उधारी मोजायची नाही. ती 19 लाखांची पार्टी गळाली, उरले 33 लाख. त्यावर 40 टक्के मार्जिन, म्हणजे 19 लाख 80 हजार. दोन्ही मिळून ड्रॉइंग पॉवर 36 लाख 30 हजार. लिमिट 65 लाख केलं काय किंवा 90 लाख केलं काय, आज तुम्हाला उचलता येणार 36 लाख 30 हजारच.

मग ते वाढीव 25 लाख तुमच्या हातात येणार कसे? एकच वाट असते आणि ती मी फार वेळा पाहिली आहे. जुनं बिल परतीचा माल दाखवून रद्द करायचं, नव्या तारखेने पुन्हा काढायचं आणि स्टेटमेंटमध्ये ताजी उधारी म्हणून घालायचं. शाखेतलाच कोणी हसतहसत सुचवतो. हे करू नका. खोटं स्टॉक स्टेटमेंट हा साध्या थकबाकीपेक्षा फार वेगळा मामला आहे. उद्या खातं बिघडलं तर ‘धंदा बुडाला’ हे तुमचं म्हणणं मागे पडतं आणि ‘बँकेला फसवलं’ एवढंच पुढे येतं.

उलाढालीच्या हिशेबानेही तेच निघतं. लहान उद्योगाला खेळतं भांडवल देताना बँका सहसा वर्षाच्या अपेक्षित उलाढालीच्या 20 टक्के धरतात. नायक समितीपासून चालत आलेला हा हिशेब आहे. दोन कोटींना 40 लाख, म्हणजे आजचं लिमिट नेमकं बसतं. 65 लाखांना सव्वातीन कोटींची उलाढाल लागेल, आणि वीस मागांवर ती कशी काढणार हे तुमच्या अर्जात कुठे दिसत नाही. तरीही बँक तयार आहे, कारण तिला घर दिसतं आहे. थोडक्यात, एका पार्टीने बुडवलेल्या किंवा लटकवलेल्या 19 लाखांसाठी तुम्ही राहतं घर लिहून द्यायला निघालात.

याच स्टेटमेंटमध्ये एक गोष्ट आहे जी तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. खात्यात 39 लाख 40 हजार नावे आहेत. ड्रॉइंग पॉवरच्या वर तीन लाख दहा हजार. लिमिट 40 चं आहे म्हणून तुम्ही निवांत असाल, पण बाकी सलग 90 दिवस ड्रॉइंग पॉवरच्या वर राहिली तर खातं एनपीए, म्हणजे बुडीतकडे झुकलेलं, ठरतं. पहिलं काम हे.

ते तीन लाख दहा हजार घरच्या ठेवीतून भरा असं मी सांगणार आहे, आणि तुम्ही म्हणाल हा तर उलटा सल्ला झाला. घरचं वेगळं ठेवायचं म्हणजे धंद्याला कधीच द्यायचं नाही असं मी मानत नाही. किती द्यायचं हे आधी ठरवायचं, एकदाच द्यायचं आणि त्याच्यावर जायचं नाही. साडेतीन लाखांची एक ठेव मोडा, खातं रुळावर आणा. घरातून धंद्याला गेलेले पैसे ते एवढेच, असं बायकोसमोर बोलून टाका. पुढच्या वेळी पगाराच्या दिवशी हात आखडला की दागिन्यांकडे नजर जाते. त्या दिवशी ठरवलेलं काही कामाचं नसतं, आज ठरवलेलं असतं.

आता उरलेल्या साडेचौदा लाखांकडे येऊ. ठेव आणि कर्ज एकाच बँकेत, एकाच माणसाच्या नावावर असलं की बँकेला ती ठेव कर्जात वळती करून घेता येते. त्यासाठी कोर्टात जावं लागत नाही. तुम्ही ती ठेव तारण दिलेली नसली तरी कर्जखतात तसं कलम बहुतेक असतंच. दुसऱ्या बँकेतल्या तुमच्या ठेवीला ती तसा हात लावू शकत नाही, तिला आधी वसुलीचा दाखला किंवा हुकूम मिळवावा लागतो. म्हणजे दुसऱ्या बँकेत ठेवलेला पैसा कायमचा सुटला असं नाही. पण एका सहीने जाणं आणि वर्ष-दोन वर्षांच्या कारवाईनंतर जाणं यांत फरक आहे. तेवढ्या काळात तडजोड होते, मुलीची फी भरली जाते.

सहकारी बँकेत सगळं एका जागी ठेवण्यात आणखी एक गोम आहे. ठेवींचा विमा एका ठेवीदाराला एका बँकेत पाच लाखांपर्यंतच आहे, आणि तुमची वैयक्तिक ठेव आणि फर्मच्या नावाची ठेव यात एकत्र धरली जातात, कारण दोघांचा मालक एकच. उद्या रिझर्व्ह बँकेने त्या बँकेवर निर्बंध घातले तर त्याच दिवशी तुमचं सीसीही थांबेल आणि ठेवीही अडकतील. विम्याचे पैसे देतानाही तुमचं कर्ज आधी वजा होऊ शकतं. सोलापूरकराला निर्बंध म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज नाही.

तेव्हा प्रत्येक ठेवीच्या पावतीवर लीन, म्हणजे कर्जापोटी बँकेचा हक्क, लागलंय का हे शाखेत विचारा. नसेल तर जशी मुदत संपेल तशी ठेव दुसऱ्या बँकेत न्या. खातं नियमित असताना, उघडपणे न्या. मुदतीआधी मोडली तर सहसा टक्काभर व्याज जातं, त्यामुळे घाई करून सगळ्या मोडायला नकोत.

ठेवी बायकोच्या नावावर करू का, हा प्रश्न तुमच्या मनात असणारच. नवऱ्याने बायकोला दिलेल्या भेटीवर कर नाही, पण त्यावरचं व्याज तुमच्याच उत्पन्नात धरलं जातं. ते चालेल. न चालणारी गोष्ट वेळेची आहे. देणेकरी दारात उभे असताना मालमत्ता नातेवाइकाच्या नावावर केली तर ती देणेकऱ्यांना चुकवण्यासाठी केली असं ठरवून कोर्ट तो व्यवहार बाजूला सारू शकतं. म्हणून मी तुम्हाला नावं बदलण्याची घाई करायला सांगत नाही.

त्यापेक्षा ज्या जागांना कायद्यानेच कुंपण घातलंय तिथे दरवर्षी थोडं थोडं टाका. पीपीएफ ही त्यातली पहिली. त्यातली रक्कम तुमच्या कर्जापोटी कोर्टाच्या हुकुमानेही जप्त होत नाही. करांच्या थकबाकीलाही ते कवच पुरेल असं मात्र धरून चालू नका. वर्षाला दीड लाखाची मर्यादा आणि पंधरा वर्षांची मुदत, त्यामुळे साडेचौदा लाख एकदम आत जाणार नाहीत. तुमचं एक खातं, बायकोचं एक. मुदत संपून पैसे बचत खात्यात आले की ते पुन्हा साधे पैसे झाले, हेही ध्यानात असू द्या.

दुसरी जागा म्हणजे 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घेतलेला आयुर्विमा. तुमच्याकडे टर्म विमा दिसत नाही, घ्याच. आणि घेताना प्रस्तावासोबत या कायद्याचा वेगळा फॉर्म मागा, त्यात बायकोचं आणि मुलीचं नाव लाभार्थी म्हणून लिहा. मग त्या पॉलिसीचा पैसा तुमचा राहत नाही, त्या दोघींसाठी विश्वस्ताकडे ठेवल्यासारखा होतो आणि तुमच्या देणेकऱ्यांना त्यावर हक्क सांगता येत नाही. एजंट बहुतेकदा नुसतं नॉमिनी लिहून मोकळा होतो. नॉमिनी लिहिणं म्हणजे हे नव्हे. हा फॉर्म पॉलिसी घेतानाच भरावा लागतो, जुन्या पॉलिसीला मागून जोडता येत नाही. आणि अशा पॉलिसीवर तुम्हाला कर्ज काढता येणार नाही, तारण ठेवता येणार नाही. धंदेवाल्याला ते खटकतं. माझ्या मते तोच तिचा गुण.

आता बायकोच्या सहीबद्दल. शाखेत सांगतील, “वहिनींची फक्त फॉर्मॅलिटी आहे.” कराराच्या कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. बँकेने आधी तुमच्याकडून वसूल करून मगच तिच्याकडे यावं असं बंधन नाही. माझ्याच शाखेतलं एक खातं मला आठवतं. चादरी आणि टॉवेल दोन्ही होतं, माणूस सरळ. दोन पार्ट्या एका हंगामात बसल्या. शेड विकून भागलं असतं कदाचित, पण शेडला गिऱ्हाईक मिळेना. बायकोने जामीनदार म्हणून सही केली होती. तिच्या वडिलांनी तिला मंगळवेढ्याकडे चार एकर ज्वारीची जमीन दिली होती. त्या जमिनीचा धंद्याशी काडीचा संबंध नव्हता, तारणातही ती नव्हती. पण जामिनाच्या दाव्यातून वसुली तिच्यापर्यंत पोचली. त्या सहीच्या दिवशी मी टेबलावर होतो आणि ‘फॉर्मॅलिटी’ हा शब्द मीच वापरला होता.

घर तारण देण्याचा अर्थही स्पष्ट करतो. साध्या देणेकऱ्याला तुमच्या घरापर्यंत यायला दावा लावावा लागतो. तारण घेतलेल्या बँकेला लागत नाही. खातं एनपीए झालं की ती सरफेसी कायद्याखाली 60 दिवसांची नोटीस देते आणि नंतर ताबा घेण्याच्या मार्गाला लागते. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू आहे हे सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये पक्कं केलं.

म्हणून रिन्यूअलला बसताना माझं सांगणं असं. लिमिट 40 लाखांवरच ठेवा. बँक वाढवाच म्हणाली, किंवा पुढे खरंच नवीन ऑर्डर आल्या, तर आधी शेडचं नव्याने मूल्यांकन करून मागा. मूल्यांकन जुनं असेल तर आजच्या भावाने शेडच वाढीव तारण भरून काढेल. एमआयडीसीची जागा भाडेपट्ट्याची असते, त्यामुळे तारणाची रक्कम वाढवताना महामंडळाची परवानगी लागते, तेवढा वेळ हाताशी ठेवा. दुसरं, सीजीटीएमएसई या सरकारी हमी योजनेत ते कर्ज बसतं का विचारा. वर्षाला हमी शुल्क पडतं, पण त्या योजनेतल्या कर्जाला तिऱ्हाईताचा जामीन घेता येत नाही, आणि हमीतला भाग तारणाशिवाय असतो. तुमची बँक त्या योजनेची सदस्य नसेल तर जी आहे अशा दुसऱ्या बँकेत चौकशी करा. मात्र या हमीने तुमचं कर्ज माफ होत नाही. ती बँकेला मिळते, तुमची जबाबदारी तशीच राहते. फक्त घर त्या कागदावर नसतं.

आणि काहीच जमलं नाही, बँक बायकोच्या सहीवर अडून बसली, तर निदान जामीन ठरावीक रकमेपुरता लिहून घ्या. तसं करता येतं. बहुतेक कर्जदार ते मागतच नाहीत.

सीएंच्या सल्ल्याबद्दल माझं मत अर्धं त्यांच्या बाजूने आहे. प्रायव्हेट लिमिटेड केली तर सुताच्या व्यापाऱ्याचं देणं कंपनीपुरतं राहतं, ते तुमच्या घरापर्यंत येत नाही. पण बँक संचालकांचा वैयक्तिक जामीन घेतल्याशिवाय कंपनीला सीसी देत नाही. म्हणजे ज्या देण्याची तुम्हाला सगळ्यात जास्त भीती आहे, त्यासाठी ती भिंत उभी राहतच नाही. जीएसटीच्या थकबाकीतही खासगी कंपनीच्या संचालकांना धरता येतं. वरून दरवर्षी ऑडिट आणि कंपनी खात्याचे फॉर्म. तुमचं सुताचं देणं सात-आठ लाखांच्या वर जात नाही, त्यामुळे आज तरी मी त्या खर्चात पडणार नाही. सुताची उधारी तीस लाखांवर गेली तर पुन्हा विचार करा.

त्या 19 लाखांचं काय? पाठपुरावा सोडू नका. माल पाठवण्याच्या आधीपासून तुमची उद्यम नोंदणी असेल तर सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्याखाली सुविधा परिषदेकडे दावा करता येतो. लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या वर पैसे थकवता येत नाहीत, त्यानंतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. दावा दाखल झाल्याची नोटीस गेली की निम्म्या पार्ट्या फोन उचलायला लागतात, हा माझा अनुभव. पण घरचा हिशेब मांडताना ते 19 लाख शून्य धरा. आले तर त्यातून आधी मोडलेली साडेतीन लाखांची ठेव पुन्हा करा, फर्मच्या बँकेत नव्हे.

अजून एक, तुमच्या पत्रात नाही पण होणार हे नक्की. अडचणीत बायको किंवा भाऊ फर्मला उसने पैसे देतात आणि ताळेबंदात ते ‘विनातारण कर्ज’ म्हणून बसतात. बँक लिमिट देताना लिहून घेते की सीसी चालू आहे तोवर हे पैसे काढणार नाही. महिन्यासाठी दिलेले पैसे मग वर्षानुवर्षं आत राहतात. मंजुरीपत्राच्या अटींत हे एक ओळीत असतं.

ते मंजुरीपत्र सहीच्या आदल्या दिवशी घरी मागून घ्या. देत नाही म्हणाले तर सहीची तारीख पुढे ढकला. त्यात ‘तारण’ आणि ‘जामीनदार’ हे दोन रकाने बायकोबरोबर बसून वाचा, मालमत्तेचा गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर घरच्या उताऱ्याशी ताडून बघा. आणि तुमचे 6 लाखांचे म्युच्युअल फंड असतील, तुम्ही पत्रात लिहिलं नाही पण स्टेटमेंटच्या मागच्या पानावर पेन्सिलीने आकडा दिसतो, तर ते कर्जाच्या अर्जातल्या मालमत्तेच्या यादीत लपवू नका. खरं लिहा. यादीत लिहिणं म्हणजे तारण देणं नव्हे. तारण देण्याच्या फॉर्मवर वेगळी सही लागते, आणि ती करायची नाही.